लॅपटॉपच्या स्क्रीनवरचे ४५%, ७२%, १००%: हे टक्के नक्की कशाचे?

प्रश्न: चार लॅपटॉप शॉर्टलिस्ट केलेत. एकावर ४५% एनटीएससी लिहिलंय, दुसऱ्यावर ७२% एनटीएससी, तिसऱ्यावर १००% एसआरजीबी आणि चौथा ओलेड आहे, त्यावर १००% डीसीआय-पी३. म्हणजे ७२ वाला १०० वाल्यापेक्षा वाईट का? आणि दोन्हीकडे १०० असेल तर फरक काय? ऑफिसचं काम, वेब आणि थोडं फोटो एडिटिंग एवढाच वापर आहे.

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग कारणं. चारही आकडे एसआरजीबीच्या मापात आणले तर पहिला साधारण ६४%, दुसरा १०० च्या आसपास, तिसरा १००, आणि चौथा एरियाने १३६% निघतो. म्हणजे ७२ वाला आणि १०० एसआरजीबी वाला हे जवळजवळ एकाच वर्गातले आहेत ("जवळजवळ" हा शब्द मुद्दाम वापरलाय, खाली येतो त्यावर), ४५ वाला खालच्या वर्गातला आणि चौथा वेगळ्याच वर्गातला. फोटो करणार असाल तर पहिला यादीतून काढून टाका. उरलेल्या तिघांत मात्र मोठा आकडा म्हणजे चांगला असं सरळ गणित नाही.

गोंधळ होतो कारण टक्के म्हटलं की आपण "कशाच्या" हे विचारतच नाही. स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचा असतो, आणि ते तीन शुद्ध रंग १९३१ च्या सीआयई नकाशावर (एक्स आणि वाय असे दोन आकडे असलेला तो घोड्याच्या नालेसारखा आलेख, बघितला असेल) तीन टिंबं म्हणून मांडले की एक त्रिकोण होतो. स्क्रीन जे काही रंग दाखवू शकते ते सगळे त्या त्रिकोणाच्या आत, बाहेरचं काही नाही, सॉफ्टवेअरने कितीही डोकं आपटलं तरी. हा त्रिकोण म्हणजे गॅमट. टक्के म्हणजे तुमच्या पॅनलचा त्रिकोण दुसऱ्या एका ठरलेल्या त्रिकोणाच्या किती टक्के. तो दुसरा त्रिकोण कुठला घेतला त्यावर आकडा बदलतो, पॅनल तेच राहतं.

एनटीएससी हा १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीसाठी ठरवलेला त्रिकोण. बराच मोठा, आणि गंमत म्हणजे तो टीव्हीच्या काचेवर फार काळ टिकलाच नाही, कारण जास्त उजेड देणारे फॉस्फर, म्हणजे काचेमागचे चमकणारे पदार्थ, आले ते तेवढे शुद्ध रंग देत नव्हते. आज त्या त्रिकोणासाठी कोणी फोटो किंवा व्हिडिओ बनवत नाही. तरीही पॅनल बनवणाऱ्यांच्या डेटाशीटमध्ये तुलनेची पट्टी म्हणून तो चिकटून राहिला आणि तिथून लॅपटॉपच्या स्पेक शीटवर आला. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने सुचवला आणि १९९९ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड झाला, वेबवरच्या बहुतेक फोटोंना तोच गृहीत धरलेला असतो. डीसीआय-पी३ डिजिटल सिनेमाच्या प्रोजेक्टरसाठी आलेला. लॅपटॉपवर जो असतो तो खरं तर डिस्प्ले पी३, म्हणजे लाल-हिरवा-निळा तेच, फक्त पांढरा आणि गॅमा कॉम्प्युटरच्या सवयीचा.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र शाळेतलंच आहे:

```
A = 0.5 * | xR*(yG-yB) + xG*(yB-yR) + xB*(yR-yG) |
```

यात स्टँडर्डचे आकडे टाकून बघा, एकदा केलं की कायमचं डोक्यात बसतं. एनटीएससीचा लाल (०.६७, ०.३३), हिरवा (०.२१, ०.७१), निळा (०.१४, ०.०८), क्षेत्रफळ येतं ०.१५८२. एसआरजीबीचा लाल (०.६४, ०.३३), हिरवा (०.३०, ०.६०), निळा (०.१५, ०.०६), क्षेत्रफळ ०.११२१. भागाकार केला की ७०.८%. म्हणजे अख्खा, परफेक्ट एसआरजीबी हा एनटीएससीच्या ७०.८ टक्केच असतो, म्हणून स्पेकमध्ये "७२% एनटीएससी" हे "एसआरजीबी पॅनल" याचं टोपणनाव झालंय. आणि पी३ चा लाल (०.६८, ०.३२), हिरवा (०.२६५, ०.६९), निळा एसआरजीबीचाच. क्षेत्रफळ ०.१५२०, म्हणजे एनटीएससीच्या ९६% आणि एसआरजीबीच्या १३६%.

तेव्हा एनटीएससीचा आकडा दिसला की ०.७०८ ने भागायचं, झाला एसआरजीबीच्या एरियाचा आकडा. ४५ ला भागलं की साडेत्रेसष्ट. काही कंपन्या ७२ ने भागून ६२.५% एसआरजीबी असं छापतात, तेच पॅनल आहे, वेगळं काही नाही. मुद्दाम सांगतोय, कारण एका ठिकाणी ४५% एनटीएससी आणि दुसऱ्या ठिकाणी ६२.५% एसआरजीबी बघून लोक दुसरा चांगला समजून घेतात.

आता त्या ४५ वाल्याच्या आत जरा डोकावूया, म्हणजे नक्की काय कमी पडतं ते कळेल. समजा पॅनलचा लाल (०.५८, ०.३५), हिरवा (०.३३५, ०.५६) आणि निळा (०.१५५, ०.१३) आहे. या वर्गातली पॅनलं साधारण अशीच असतात. सूत्रात टाकलं की ०.०७१६, एनटीएससीच्या ४५.२%, एसआरजीबीच्या ६३.९%. पण त्या टक्क्यापेक्षा ती तीन टिंबं कुठे बसलीत ते बघा. लाल टिंब एसआरजीबीच्या लालापासून आत, नारिंगीकडे सरकलंय, म्हणून शुद्ध लाल विटकरी दिसतो. हिरवा पिवळटाकडे आणि पांढुरका. आणि निळ्याचा वाय ०.०६ च्या जागी ०.१३, म्हणजे गडद निळा जिथे हवा तिथे धुतल्यासारखा फिका निळा. चेहऱ्याचे फोटो अशा स्क्रीनवर थोडे राखाडी, थकल्यासारखे दिसतात. मग माणूस फोटोत सॅच्युरेशन वाढवतो, इथे छान वाटतं, आणि तोच फोटो दुसऱ्याच्या फोनवर भडक होऊन बसतो. एडिटिंगसाठी ४५ वाला नको म्हणतो ते याच कारणाने, रंग कमी दिसतात हे एक झालंच, पण तुमचे निर्णय एका बाजूला झुकतात हे त्याहून वाईट.

"कॅलिब्रेट केलं तर?" असं नेहमी कोणीतरी विचारतं. कॅलिब्रेशनने पांढरा नीट होतो, राखाडी छटा नीट होतात, त्रिकोणाच्या आतले रंग बरेचसे जागेवर येतात, आणि ते काही कमी नाही. पण त्रिकोणाच्या बाहेरचा लाल आत येत नाही. प्रोफाइल, म्हणजे स्क्रीनचे रंग कुठे बसतात ते सांगणारी फाइल, वाचणारा प्रोग्रॅम फार तर काय करेल, तर तो लाल त्रिकोणाच्या काठावर आणून ठेवेल, आणि मग लाल फुलाच्या पाकळीतल्या चार वेगवेगळ्या छटा एकाच सपाट डागासारख्या दिसतील.

अशी पॅनलं बनवतातच कशाला, तर पैसे आणि उजेड. साध्या बॅकलाइटमध्ये निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर असतो, त्यातून पांढरा प्रकाश होतो, आणि पुढच्या रंगीत फिल्टरने तो लाल-हिरव्या-निळ्यात वेगळा केला जातो. फिल्टर फिका ठेवला की प्रकाश जास्त पार होतो, म्हणजे तेवढ्याच उजेडाला कमी एलईडी आणि कमी बॅटरी लागते, पण रंग एकमेकांत मिसळतात. फिल्टर दाट केला की रंग शुद्ध होतात पण उजेड अडतो. वाइड गॅमट एलसीडीवाले म्हणून फिल्टरच्या मागे लागण्याऐवजी प्रकाशच बदलतात, केएसएफ नावाचा लाल फॉस्फर (त्याचा लाल अगदी अरुंद पट्ट्यात येतो) किंवा क्वांटम डॉट. ओलेडमध्ये बॅकलाइटच नसतो, प्रत्येक रंगाचा प्रकाश मुळातच बराच शुद्ध असतो, म्हणून तिथे पी३ सहज मिळतो.

इथेच एक गैरसमज मोडून टाकतो, आयपीएस लिहिलंय म्हणजे रंग चांगले असं नाही. आयपीएस म्हणजे लिक्विड क्रिस्टल कसे वळतात त्याची पद्धत, त्याने बाजूने बघताना रंग फिरत नाहीत. गॅमट फिल्टर आणि बॅकलाइटवर ठरतो. ४५% एनटीएससीची आयपीएस पॅनलं ढीगभर आहेत. तसंच "१.६७ कोटी रंग" हेही गॅमट नाही. त्रिकोण किती बारीक पायऱ्यांमध्ये कापलाय ते ते सांगतं, त्रिकोण केवढा ते नाही.

आता मघाच्या "जवळजवळ" वर येतो. माझ्या मते या सगळ्यातला कामाचा भाग हाच आहे आणि स्पेक शीटवर नेमका हाच लपतो. टक्के दोन प्रकारे काढता येतात. एक, नुसतं क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागायचं. याला एरिया रेशो म्हणतात, काही जण व्हॉल्यूमही लिहितात. दुसरं, दोन त्रिकोण एकमेकांवर ठेवून स्टँडर्डचा किती भाग खरंच झाकला गेला ते बघायचं, हे कव्हरेज. कव्हरेज १०० च्या वर जाऊच शकत नाही, एरिया कितीही जाऊ शकतो. गादीएवढीच चादर तिरकी अंथरली तर एका बाजूला लोंबते आणि दुसरीकडे गादी उघडी राहते, मापाने मात्र चादर पूर्ण भरते, तसंच हे.

आकड्यात बघा. समजा एका पॅनलचा लाल (०.६५, ०.३३५), हिरवा (०.३२५, ०.६१५), निळा (०.१५५, ०.०५). क्षेत्रफळ ०.११५६, म्हणजे एनटीएससीच्या ७३%, एसआरजीबीच्या १०३%. स्पेक लिहिणारा खुशाल "७२% एनटीएससी" लिहील, आणि ते खोटंही नाही. पण हिरवं टिंब पिवळ्याच्या बाजूला सरकलंय, ०.३० च्या जागी ०.३२५. त्यामुळे एसआरजीबीच्या हिरव्यापासून निळ्यापर्यंतच्या सगळ्या काठावर एक लांबट पट्टी उघडी पडते. ती पट्टी मोजली तर एसआरजीबीच्या पावणेसात टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे कव्हरेज ९३%. एरिया १०३ आणि कव्हरेज ९३, एकाच पॅनलचे. जे गेलं ते सगळं हिरवट-निळ्या बाजूचं, समुद्राचं उथळ पाणी, मोरपंखी कापड, अशा गोष्टी. जे जास्तीचं मिळालं ते लाल-पिवळ्या बाजूला, आणि एसआरजीबीच्या फोटोला ते नकोच होतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लॅपटॉपमध्ये फरक असेल तर तो इथे. "७२% एनटीएससी" हा एरिया आहे, तो कव्हरेजचं वचन देत नाही, कारण एनटीएससीचा त्रिकोण वेगळ्याच आकाराचा आहे. "१००% एसआरजीबी" लिहिणाऱ्याने कव्हरेज शब्द वापरला असेल तर उत्तम, नसेल तर तिथेही शंका ठेवा. साधी खूण सांगतो: आकडा १०० च्या वर असेल, १२०% एसआरजीबी, १३५% एसआरजीबी असं काही, तर तो हमखास एरिया आहे. आणि आकडा "९८% डीसीआय-पी३" असा अडनिडा १०० च्या खाली असेल तर बहुतेक कोणीतरी मोजलेलं कव्हरेज असतं. बहुतेक म्हणतोय, खात्री नाही.

प्रत्यक्षात हा फरक तुमच्या वापरात जाणवेल का? वेब आणि ऑफिसला नाही. ९३% कव्हरेज आणि ९९% कव्हरेज हे शेजारी शेजारी ठेवून, तेही ठराविक रंगांतच दिसतं. ६४ आणि ९३ मधला फरक मात्र कोणालाही दिसतो.

आता चौथा, १००% डीसीआय-पी३ ओलेड. १३६ हा आकडा बघून तिथे कितीतरी जास्त रंग असतील असं वाटतं. पण १९३१ च्या नकाशाची एक खोड आहे, त्यात हिरव्याचा भाग ताणलेला आहे, डोळ्याला जो फरक बारीक वाटतो तो तिथे लांब अंतर म्हणून दिसतो. १९७६ चा सुधारलेला नकाशा आहे, त्यात अंतरं डोळ्याच्या जास्त जवळ जातात. तिथे तोच पी३ एसआरजीबीपेक्षा ३६ नव्हे, २६ टक्क्यांनी मोठा निघतो. पॅनल तेच, स्टँडर्ड तेच, फक्त नकाशा बदलला आणि दहा टक्के उडाले. म्हणून दोन वेगळ्या रिव्ह्यूमधले टक्के शेजारी ठेवायच्या आधी कुठला नकाशा वापरलाय ते बघत जा, लिहिलेलं असतं बहुधा, १९३१ किंवा १९७६.

तरी २६% सुद्धा खरा फायदा आहे, आणि तो कुठे होतो तर लाल-नारिंगी आणि हिरव्यात. सूर्यास्त, झेंडूचा ढीग, ताजी पानं. पण अट अशी की फोटोत ते रंग मुळात असले पाहिजेत. फोटो एसआरजीबीमध्ये सेव्ह झालाय तर पी३ स्क्रीन त्यात नवीन रंग आणू शकत नाही. आणला तर ती चूक आहे, आणि ही चूक वाइड गॅमट लॅपटॉपवर रोज होते.

कशी होते ते बघा. फोटोत एका पिक्सलला २५५, ०, ० लिहिलंय, म्हणजे "एसआरजीबीचा सगळ्यात लाल". रंग सांभाळणारा प्रोग्रॅम स्क्रीनचं प्रोफाइल वाचतो, त्याला कळतं की स्क्रीन पी३ आहे, मग तो पॅनलला २५५, ०, ० न पाठवता साधारण २३४, ५१, ३५ पाठवतो, आणि डोळ्याला एसआरजीबीचा लालच दिसतो. ज्या प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही तो २५५, ०, ० तसंच पुढे ढकलतो, पॅनल आपला सगळ्यात लाल पेटवतं, आणि लोकांचे गाल उन्हात भाजल्यासारखे दिसतात. लोक याला "ओलेडचे भारी रंग" म्हणतात. दुकानात भारी वाटतंच. एडिटिंगला हे ४५ वाल्याचं उलटं टोक आहे, इथे तुम्ही सॅच्युरेशन कमी करत बसाल आणि दुसऱ्याकडे फोटो फिका दिसेल.

मॅकवर हे बरंचसं सिस्टीमच सांभाळते, त्यामुळे तिथे लोकांना हा प्रश्न फारसा पडतच नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं ते प्रत्येक प्रोग्रॅमवर सोडलेलं होतं. फोटो एडिटिंगचे चांगले प्रोग्रॅम आणि आजचे मोठे ब्राउझर प्रोफाइल वाचतात, पण कितीतरी साधी अ‍ॅप्स आणि गेम्स नाही वाचत. विंडोज ११ मध्ये २२एच२ पासून `Automatically manage color for apps` असा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आला, तो चालू केला की सिस्टीम स्वतः साध्या अ‍ॅप्सना एसआरजीबी समजून रंग जागेवर आणते. पण प्रत्येक मशीनवर तो दिसत नाही, ग्राफिक्स चिप आणि ड्रायव्हरवर आहे ते. दुसरा रस्ता म्हणजे लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या युटिलिटीमध्ये एसआरजीबी मोड असतो, तो लावला की पॅनलला आकुंचून एसआरजीबीमध्ये ठेवलं जातं. पी३ वाला घेणार असाल तर "एसआरजीबी मोड आहे का" हा प्रश्न मी टक्क्यांच्या आधी विचारीन. तो नसेल आणि वरचा विंडोजचा पर्यायही नसेल तर तुमच्या वापराला सरळ १००% एसआरजीबी वाला जास्त सुखाचा.

एक बारीक गोष्ट, एसआरजीबी मोड आणि प्रोफाइल दोन्ही एकाच वेळी चुकीचं जुळवलं तर रंग दोनदा आवळले जातात आणि सगळं मेलेलं दिसतं. मोड एसआरजीबी असेल तर प्रोफाइलही एसआरजीबीचंच पाहिजे. मोड बदलला आणि अचानक फोटो फिके वाटायला लागले तर पहिली शंका यावर घ्या.

विकत घ्यायच्या आधी तपासायचं कसं? सगळ्यात भरवशाचं म्हणजे ज्या रिव्ह्यूमध्ये मशीनने मोजलेलं कव्हरेज दिलंय ते वाचणं, आणि त्यात पॅनलचा मॉडेल नंबर बघणं. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगळ्या पॅनलांसकट विकला जातो, रिव्ह्यूला गेलेला चांगल्या पॅनलचा आणि तुमच्या हातात पडणारा ४५ वाला, हे नेहमीचं आहे. म्हणून मॉडेलच्या नावावर न जाता तुम्ही घेताय त्याच कॉन्फिगरेशनच्या स्पेक शीटमधली डिस्प्लेची ओळ वाचा. तिथे टक्के दिलेच नसतील, नुसतं "फुल एचडी आयपीएस, २५० निट्स" असेल, तर मी ४५ वाला धरून चालतो. चांगलं पॅनल असेल तर कंपनी ते लिहायला विसरत नाही.

मशीन हातात आलं असेल तर स्क्रीन स्वतःच आपली टिंबं सांगते. प्रत्येक पॅनलमध्ये ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते, त्यात लाल, हिरवा, निळा आणि पांढरा यांचे एक्स-वाय लिहिलेले असतात. लिनक्सवर असं:

```
edid-decode /sys/class/drm/card0-eDP-1/edid
```

(`card0` च्या जागी तुमच्याकडे `card1` असू शकतं.) त्यातले `Red`, `Green`, `Blue` चे आकडे वरच्या सूत्रात टाका, एरिया मिळेल, आणि हिरवं टिंब ०.३० पासून किती सरकलंय ते बघितलं की कव्हरेजचाही अंदाज येईल. मर्यादा एवढीच की हे आकडे त्या मॉडेलसाठी कारखान्यात एकदा भरलेले असतात, तुमच्या हातातला एक नग मोजून नाही. आणि कधीकधी आळसाने एसआरजीबीचेच आकडे जसेच्या तसे भरलेले सापडतात. तिन्ही टिंबं दोन दशांशांपर्यंत तंतोतंत ०.६४, ०.३३, ०.३०, ०.६०, ०.१५, ०.०६ अशी आली तर खुश व्हायच्या आधी संशय घ्या, खरं पॅनल इतकं नेमकं क्वचितच बसतं.

मोजायचं काही साधन नसेल तर डोळ्यानेही बरंच कळतं. पूर्ण स्क्रीनभर शुद्ध लाल, मग शुद्ध निळा लावा. शेजारी एक चांगला फोन धरा, पण त्याचा डिस्प्ले मोड आधी "नॅचरल" करा, नाहीतर फोनच भडक असतो आणि तुलना फसते. लॅपटॉपचा लाल विटेकडे झुकला आणि निळा फिकट पडला तर तो ४५ च्या वर्गातला. ७२ आणि १०० एसआरजीबी मधला फरक या पद्धतीने नाही कळणार. पी३ वाल्यासाठी वेगळी चाचणी: पी३ प्रोफाइल असलेलं लाल चित्र, ज्यात मधोमध एसआरजीबीच्या लालाचा चौकोन आहे, अशी चित्रं नेटवर सहज मिळतात. ब्राउझरमध्ये उघडल्यावर चौकोन वेगळा दिसला तर पॅनल आणि ब्राउझर दोघं कामाचे. सगळं एकसारखं लाल दिसलं तर एकतर पॅनल एसआरजीबीपुरतंच आहे किंवा मधे कोणीतरी रंग नीट पोचवत नाहीये, बहुतेक वेळा एसआरजीबी मोड चालू राहिलेला असतो.

अजून एक, फोटो छापायला पाठवणार असाल तर कोणीतरी अ‍ॅडोबी आरजीबीचा आकडा विचारायला सांगेल. तो त्रिकोण पी३ एवढाच मोठा आहे एरियाने (एनटीएससीच्या ९५-९६%), पण वेगळ्या दिशेला, त्याचा हिरवा निळसर बाजूला जातो आणि लाल एसआरजीबीचाच आहे. म्हणून १००% पी३ म्हणजे १००% अ‍ॅडोबी आरजीबी नाही, दोघांचेही क्षेत्रफळ सारखं असून. "थोडं एडिटिंग" मध्ये याची गरज पडत नाही.

तुमच्या यादीपुरतं म्हणाल तर मी तिसरा घेईन, म्हणजे १००% एसआरजीबी, त्यात कव्हरेज शब्द असेल किंवा मोजलेला रिव्ह्यू मिळाला तर डोळे झाकून. दुसरा बाकी सगळ्यात बरा असेल, रॅम, कीबोर्ड, वजन वगैरे, तर फक्त पॅनलचा नंबर काढून त्याचं मोजलेलं कव्हरेज शोधा, ९० च्या वर असेल तर बिनधास्त. चौथा घ्यायचा तर रंगांसाठी नाही, ओलेडचा काळा आवडतो म्हणून घ्या, आणि घरी आणल्याबरोबर आधी एसआरजीबी मोड शोधून रोजच्या कामाला तो लावून ठेवा, पी३ फक्त फोनवर पी३ मध्ये काढलेले फोटो किंवा एचडीआर व्हिडिओ बघताना चालू करा.